उजव्या स्टिकचे पहिले पंचवीस भाग: कंट्रोलरवरचा नेम सेटिंगमधून कसा सुधारतो

कंट्रोलरवर नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याचा नेम चुकू लागला, की तो बहुधा सर्वात आधी सेन्सिटिव्हिटीचा आकडा बदलतो. आकडा कमी केला की दूरचे लक्ष्य थोडे हाती लागते, पण मागून कोणी आले तर वळायला उशीर होतो. आकडा वाढवला की वळणे जमते आणि दूरचे लक्ष्य पुन्हा निसटते. या ये-जा करण्यात कित्येक आठवडे जातात. मूळ अडचण मात्र पुष्कळदा दुसरीकडे असते. स्टिक मधल्या जागेवरून हलू लागल्यावर पहिल्या काही मिलीमीटरांत काय घडते, हे ठरवणारी सेटिंग वेगळी आहेत, आणि दूरच्या लक्ष्याचा सगळा व्यवहार तिथेच होतो. या लेखात उजव्या स्टिकचा तो छोटासा टापू तपशिलाने पाहू.

आधी एक मूलभूत गोष्ट स्पष्ट करायला हवी. माउस हलवला की तो अंतर सांगतो: हात इतका सरकला, तर क्रॉसहेअरही तितकाच सरकावा. स्टिक अंतर सांगत नाही, वेग सांगते. स्टिक थोडी कललेली धरली तर क्रॉसहेअर सावकाश फिरत राहतो, पूर्ण कलवली तर वेगाने फिरत राहतो, आणि सोडली की थांबतो. त्यामुळे चालत्या लक्ष्यावर नेम धरणे म्हणजे त्या लक्ष्याच्या वेगाइतकाच वेग अंगठ्याने मागणे होय. हा वेग किती असतो, ते साध्या गणिताने काढता येते. समोरचा माणूस ३० मीटरवरून आडवा, सेकंदाला ४ मीटर या गतीने धावत असेल, तर त्याच्यावर नेम राखण्यासाठी क्रॉसहेअर सेकंदाला सुमारे ७.६ अंश फिरायला हवा. तोच माणूस १० मीटरवर असेल तर सुमारे २३ अंश, आणि अगदी ३ मीटरवर असेल तर सुमारे ७६ अंश. आता पूर्ण स्टिकचा वेग सेकंदाला २४० अंश धरला, तर दूरच्या लक्ष्यासाठी आपल्याला त्या कमाल वेगाच्या जेमतेम तीन टक्के वेग हवा असतो. तो तीन टक्के वेग अंगठ्याला स्टिकच्या कोणत्या जागी सापडतो आणि ती जागा किती ऐसपैस आहे, हाच प्रश्न पुढच्या सगळ्या सेटिंगच्या मुळाशी आहे.

आपल्या खेळातला कमाल वेग बहुतेक वेळा पडद्यावर अंशांत लिहिलेला नसतो. तिथे ५, ६, ७ असे काहीतरी आकडे असतात. तो मोजायचा असेल तर सराव कक्षात एखाद्या खुणेवर क्रॉसहेअर ठेवावा, उजवी स्टिक पूर्ण कलवून दहा फेऱ्या माराव्यात आणि घड्याळ लावावे. दहा फेऱ्यांना १५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला २४० अंश आहे. काही खेळांत स्टिक कडेला टेकल्यावर थोड्या वेळाने वळण्याचा जादा वेग मिळतो. मोजताना तो बंद ठेवावा, नाहीतर आकडा फुगतो.

आता डेड झोन. सर्वसाधारण स्टिकच्या खाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या अक्षासाठी आणि एक उभ्या अक्षासाठी. स्टिक हलली की त्यांच्यातला विजेचा दाब बदलतो आणि कंट्रोलर त्याचा आकडा करून पाठवतो. स्प्रिंग स्टिकला मध्यभागी परत आणते, पण दर वेळी अगदी त्याच बिंदूवर आणत नाही, आणि घासून झिजलेला पोटेन्शिओमीटर मध्यभागीही शून्य दाखवत नाही. म्हणून खेळ मध्याभोवतीचा एक छोटा भाग मृत मानतो आणि त्या भागातली हालचाल दुर्लक्षितो. हाच डेड झोन. तो गरजेपेक्षा लहान असेल तर अंगठा न लावताही क्रॉसहेअर आपोआप सरकतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. तो गरजेपेक्षा मोठा असेल तर अंगठा हलतो पण पडद्यावर काहीच होत नाही, आणि मग एकदम होते.

पुष्कळ जणांच्या सेटिंगमध्ये डेड झोन गरजेपेक्षा मोठा असतो, आणि त्याला जुने कारण आहे. विंडोजवर खेळांना एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचे आकडे ज्या एक्सइनपुट या प्रणालीतून मिळतात, तिच्यात मायक्रोसॉफ्टने डेड झोनचे सुचवलेले आकडे दिलेले आहेत:

```
XINPUT_GAMEPAD_LEFT_THUMB_DEADZONE   7849
XINPUT_GAMEPAD_RIGHT_THUMB_DEADZONE  8689
```

तिथे स्टिकची कड ३२७६७ या आकड्यावर असते. म्हणजे उजव्या स्टिकचा सुचवलेला डेड झोन पूर्ण पल्ल्याच्या साडेसव्वीस टक्के झाला. कोणाच्याही हातातली, कितीही झिजलेली स्टिक चालावी या हिशेबाने तो आकडा सुरक्षित आहे. पण आपल्या हातातल्या एका विशिष्ट स्टिकसाठी तो फार उदार आहे. आपल्याला हवा तो आकडा आपल्याच कंट्रोलरवरून मोजून काढता येतो.

मोजण्यासाठी कंट्रोलर संगणकाला जोडावा आणि ब्राउझरमध्ये चालणारे कोणतेही गेमपॅड तपासणीचे पान उघडावे. तिथे प्रत्येक अक्षाचा आकडा उणे १ ते १ असा दिसतो. सोयीसाठी आपण त्याला शंभराने गुणून मध्यापासून कडेपर्यंत १०० भाग मानू. उजवी स्टिक एका दिशेला पूर्ण न्यावी आणि अंगठ्याखालून निसटू न देता हळूच मध्यावर येऊ द्यावी, मग अंगठा उचलून आकडा लिहून घ्यावा. चारही दिशांनी प्रत्येकी दहा वेळा हे करावे. नुसता एकदा झटकून सोडला तर स्प्रिंगचा जोर स्टिकला नेमकी मध्यावर आणतो आणि आकडा खोटा चांगला दिसतो. खेळताना आपण स्टिक अशी झटकून सोडत नाही, म्हणून हळू सोडणे महत्त्वाचे आहे.

माझ्या दोन वर्षे वापरलेल्या कंट्रोलरवर चाळीस नोंदींतली सर्वात वाईट नोंद आडव्या अक्षावर ४.७ आणि उभ्या अक्षावर ३.१ अशी आली. दोन अक्षांचे आकडे नुसते बेरजेत धरायचे नसतात; दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की मध्यापासूनचे खरे अंतर मिळते, आणि ते येथे ५.६ भाग आले. त्यावर थोडी मोकळीक ठेवून मी डेड झोन ७ केला. त्याआधी तो २० होता, आणि तो तसा का होता हे मला स्वतःलाही सांगता आले नसते. कोणाची तरी सेटिंग जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

डेड झोनच्या आकाराइतकाच त्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे, आणि याचा उल्लेख सेटिंगच्या पानावर क्वचितच असतो. पहिला फरक असा, की डेड झोन संपल्यावर वेग शून्यापासून सुरू होतो की मधूनच. डेड झोन २० असताना खेळाने नुसते विसाच्या आतले आकडे पुसून टाकले आणि बाहेरचे तसेच ठेवले, तर एकविसाव्या भागावर क्रॉसहेअर एकदम कमाल वेगाच्या एकवीस टक्क्यांनी, म्हणजे सेकंदाला पन्नास अंशांनी धावू लागतो. ३० मीटरवरच्या माणसासाठी लागणारा ७.६ अंशांचा वेग अशा सेटिंगमध्ये अस्तित्वातच नसतो. तो कितीही सराव केला तरी अंगठ्याला सापडणार नाही. नीट लिहिलेले खेळ उरलेले ऐंशी भाग ताणून शून्यापासून शंभरापर्यंत पसरवतात, त्यामुळे सुरुवात शून्यातून होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: भिंतीसमोर उभे राहून स्टिक अगदी सावकाश कलवावी. क्रॉसहेअर गोगलगायीच्या गतीने निघाला तर ठीक. तो उसळी मारून निघाला तर पल्ला ताणलेला नाही, आणि तिथे डेड झोन शक्य तितका लहान ठेवण्यावाचून उपाय नाही.

दुसरा फरक आकृतीचा आहे. काही खेळ दोन्ही अक्षांवर वेगवेगळा डेड झोन लावतात, तर काही मध्याभोवती वर्तुळाकार लावतात. समजा आपण स्टिक उजवीकडे ४० भाग आणि वर १२ भाग कलवली आहे, कारण लक्ष्य उतारावरून चढत चालले आहे. अक्षांवर वेगळा १५ चा डेड झोन असेल तर वरचे १२ भाग पुसले जातात आणि क्रॉसहेअर सरळ आडवा जातो. वर्तुळाकार असेल तर मध्यापासूनचे एकूण अंतर सुमारे ४२ भाग असल्याने दिशा जशीच्या तशी राखली जाते. पहिल्या प्रकारात तिरकी रेघ मारताना क्रॉसहेअर पायऱ्या उतरल्यासारखा जातो. अशा वेळी वर्तुळाकार हा पर्याय दिसला तर तोच निवडावा. न दिसल्यास आकडा लहान ठेवल्याने पायऱ्याही लहान होतात.

आता कर्व्हकडे येऊ. स्टिक किती कलली आहे आणि क्रॉसहेअर किती वेगाने फिरावा, यांच्यातले नाते म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा कर्व्ह. ते नाते दोन ओळींत लिहिता येते:

```
t = (r - d) / (m - d)
w = V * t^n
```

येथे r म्हणजे स्टिक मध्यापासून किती भाग दूर आहे तो आकडा, d म्हणजे डेड झोन, m म्हणजे ज्या भागावर पूर्ण वेग मिळायला हवा ती बाहेरची हद्द, V म्हणजे कमाल वेग, आणि w म्हणजे पडद्यावर मिळणारा वेग. t शून्याखाली गेला तर शून्य आणि एकाच्या पुढे गेला तर एक धरायचा. n हा आकडा कर्व्हचा वाक ठरवतो. n एक असेल तर नाते सरळ रेषेचे आहे. अर्ध्या स्टिकला अर्धा वेग मिळतो. n दोन असेल तर अर्ध्या स्टिकला पाव वेग मिळतो, म्हणजे सुरुवातीचा भाग मंद आणि शेवटचा भाग झपाट्याने चढणारा होतो. खेळांच्या सेटिंगमध्ये n लिहिलेला नसतो, त्याऐवजी नावे असतात. फोर्टनाइटमध्ये लिनिअर आणि एक्स्पोनेन्शिअल असे दोन पर्याय आहेत. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये स्टँडर्ड, लिनिअर आणि डायनॅमिक असे तीन आहेत. त्यांतला स्टँडर्ड हा घाताचा कर्व्ह आहे, तर डायनॅमिक उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखा असतो, म्हणजे सुरुवातीला चटकन चढतो, मध्ये सपाट होतो आणि शेवटी पुन्हा चढतो.

या सूत्राचा उपयोग काय, हे माझ्या जुन्या आणि नव्या सेटिंगची तुलना केल्याशिवाय कळत नाही, म्हणून ती पूर्ण करून दाखवतो. जुनी सेटिंग अशी होती: डेड झोन २०, बाहेरची हद्द १००, कर्व्ह सरळ रेषेचा, कमाल वेग २४० अंश. नवी सेटिंग अशी: डेड झोन ७, बाहेरची हद्द ९५, कर्व्ह n दोनचा, कमाल वेग तोच. कमाल वेग, म्हणजे लोक ज्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात तो आकडा, मी मुद्दाम बदलला नाही.

३० मीटरवरच्या धावत्या माणसासाठी ७.६ अंशांचा वेग हवा. जुन्या सेटिंगमध्ये तो स्टिकच्या साडेबावीस भागांवर मिळत होता. नव्या सेटिंगमध्ये गणित केले तर तो जवळजवळ त्याच जागी, २२.७ भागांवर मिळतो. अंगठा दोन्ही वेळा सारखाच कललेला आहे. मग बदलले काय? बदलले ते आजूबाजूचे. अंगठा कधीच एका भागावर खिळून राहत नाही, तो थोडा मागेपुढे होतो. तो अडीच भाग मागे, विसावर आला तर जुन्या सेटिंगमध्ये क्रॉसहेअर थांबत होता. नव्यात तो ५.२ अंशांनी चालत राहतो. तो अडीच भाग पुढे, पंचविसावर गेला तर जुन्या सेटिंगमध्ये वेग १५ अंश, म्हणजे हव्या वेगाच्या दुप्पट होत होता. नव्यात तो १० अंश होतो. अंगठ्याची तीच चूक, पण आधी तिची शिक्षा थांबणे किंवा दुप्पट धावणे ही होती, आता ती थोडे मागे पडणे किंवा थोडे पुढे जाणे एवढीच राहिली. दूरच्या लक्ष्यावर क्रॉसहेअर ठेचकाळत जातो अशी जी तक्रार असते, तिचे बहुतेक वेळा हेच कारण असते, आणि सेन्सिटिव्हिटी कमी करून ती पूर्ण जात नाही, कारण थांबण्याची जागा डेड झोनमुळे हव्या वेगाच्या अगदी शेजारी येऊन बसलेली असते.

फुकट मात्र काही मिळत नाही. ३ मीटरवरच्या माणसासाठी ७६ अंशांचा वेग हवा, आणि त्या जागी दोन्ही सेटिंगमध्ये अंगठ्याच्या एका भागाच्या चुकीने वेग सुमारे ३ अंशांनी बदलतो. म्हणजे तिथे हिशेब बरोबरीत सुटतो. त्याहून वेगाने फिरायचे असेल तर नवा कर्व्ह जुन्यापेक्षा अधिक अधीर आहे. कडेजवळ अंगठा जरासा सरकला तरी वेग खूप बदलतो. मागच्या शत्रूकडे वळताना ते चालते, कारण तेव्हा आपण स्टिक कडेला टेकवतोच आणि पूर्ण वेग मिळतोच. पण जो खेळाडू मुख्यतः अरुंद खोल्यांत, हाताच्या अंतरावर लढतो, त्याला सरळ रेषेचा कर्व्ह आवडतो यात नवल नाही. त्याला लागणारे वेग मधल्या भागात असतात आणि तिथे सरळ रेषा अधिक अंदाजपात्र असते. माझ्या मते कर्व्हबद्दल चालणारे बहुतेक वाद हे खरे तर लढाईच्या अंतराबद्दलचे वाद आहेत.

डेड झोन लहान न करता कर्व्ह मात्र वाकवला, तर काय होते हेही लक्षात घ्यावे. २० च्या डेड झोनवर n दोन लावला तर ७.६ अंशांचा वेग ३४ भागांपाशी जातो. अंगठ्याला आधी वीस भाग काहीच उत्तर मिळत नाही आणि पुढे दहा-बारा भाग अगदीच मंद उत्तर मिळते. खेळाडू म्हणतो, स्टिक जड झाली आहे. मग तो सेन्सिटिव्हिटी वाढवतो आणि जवळच्या लढाईत गोंधळतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी मोजून डेड झोन, मग बाहेरची हद्द, त्यानंतर कर्व्ह, आणि सेन्सिटिव्हिटी सर्वात शेवटी.

बाहेरच्या हद्दीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, पण ते वगळू नये. स्टिक सर्व दिशांना पूर्ण १०० दाखवतेच असे नाही. तपासणीच्या पानावर स्टिक कडेने सावकाश फिरवली, तेव्हा माझ्या कंट्रोलरवर एका बाजूला आकडा ९६ च्या वर जाईना. हद्द १०० ठेवली असती तर त्या बाजूला पूर्ण वेग कधीच मिळाला नसता, आणि n दोनच्या कर्व्हमध्ये ही तूट वाढून कमाल वेग २४० ऐवजी सुमारे २२० अंशांवर अडकला असता. एका बाजूला वळणे दुसऱ्या बाजूपेक्षा मंद वाटत असेल तर हे तपासावे. सर्वात कमी आलेल्या आकड्याच्या एक-दोन भाग खाली हद्द ठेवली की झाले. ती फार खाली आणली तर मात्र पल्ला विनाकारण आखूड होतो.

कंट्रोलर आकडे किती बारीक पाठवतो, याचीही एक मर्यादा आहे. प्लेस्टेशनचे ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्स हे कंट्रोलर प्रत्येक अक्ष ० ते २५५ अशा आकड्यांत पाठवतात, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सुमारे १२८ पायऱ्या. सरळ रेषेच्या कर्व्हवर आणि २४० अंशांच्या वेगाला प्रत्येक पायरी सुमारे दोन अंशांची पडते, त्यामुळे दूरच्या माणसाच्या वेगापर्यंत जेमतेम चार पायऱ्या येतात. वाकलेला कर्व्ह त्याच टापूत अधिक पायऱ्या बसवतो. दुर्बिणीतून किंवा नेम धरून पाहताना बहुतेक खेळ वेगळा, कमी कमाल वेग लावतात, आणि तो वेगळा आकडा असेल तर त्याचाही येथे फायदा होतो. पण त्या आकड्याने डेड झोन बदलत नाही, हे विसरू नये.

यात एक फसवा सापळा आहे. डेड झोन आणि कर्व्ह एकापेक्षा अधिक ठिकाणी लागू शकतात: कंट्रोलरच्या स्वतःच्या ॲपमध्ये, स्टीमच्या इनपुट सेटिंगमध्ये आणि खेळात. स्टीममध्ये १० आणि खेळात १० ठेवले, तर परिणाम १० चा नसतो. पहिल्या थराने पल्ला ताणल्यावर दुसरा थर लागतो आणि प्रत्यक्ष मृत भाग १९ होतो. तसेच दोन्ही ठिकाणी n दोनचा कर्व्ह असेल तर एकूण n चार होतो, आणि स्टिक सुरुवातीला मेल्यासारखी वाटते. त्यामुळे यांतला एकच थर काम करत ठेवावा आणि बाकीचे शून्य डेड झोन व सरळ रेषेवर आणावेत. खेळाने स्वतःचा मोठा डेड झोन कोड करून ठेवला असेल आणि तो बदलू देत नसेल, तर स्टीममध्ये अँटी-डेड झोन नावाची सेटिंग आहे. ती स्टिक हलताच आकडा खेळाच्या मृत भागापलीकडे नेऊन ठेवते. ती खेळाच्या डेड झोनपेक्षा मोठी ठेवली तर मात्र आपण वर पाहिलेली उसळी पुन्हा दाखल होते.

हे सगळे तपासताना नेमसाहाय्य, म्हणजे एम असिस्ट, बंद असलेला सराव कक्ष वापरावा. ते चालू असेल तर लक्ष्याजवळ खेळ क्रॉसहेअरचा वेग स्वतः बदलतो आणि आपण मोजतो ते आपल्या कर्व्हचे नसते. सेटिंग पक्की झाल्यावर ते पुन्हा चालू करावे. भिंतीवर दोन खुणा निवडून एकीवरून दुसरीवर क्रॉसहेअर न्यावा आणि वीसदा करून तो खुणेपुढे किती वेळा गेला ते मोजावे. जवळच्या खुणांत आणि दूरच्या खुणांत, दोन्हीकडे तो पुढेच जात असेल तर कमाल वेग कमी करायला हवा. केवळ बारीक हालचालीत पुढे जात असेल आणि मोठ्या वळणात नाही, तर कर्व्ह अधिक वाकवायला हवा. बारीक हालचालीत तो निघतच नसेल आणि मग उशिरा निघत असेल, तर डेड झोन अजून मोठा आहे.

आता बटणांची फेरमांडणी, म्हणजे रीमॅपिंग. वरवर पाहता तिचा नेमाशी संबंध दिसत नाही, पण कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याला दोन नोकऱ्या आहेत: नेम धरणे आणि उजवीकडची चार बटणे दाबणे. दोन्ही एकाच वेळी करता येत नाहीत. उडी मारण्यासाठी अंगठा उचलला की स्टिक मध्यावर येते आणि क्रॉसहेअर थांबतो. समजा त्याला पाव सेकंद लागला. १० मीटरवर आडवा धावणारा माणूस तेवढ्यात एक मीटर पुढे जातो आणि कोनाच्या हिशेबाने क्रॉसहेअर त्याच्यापासून पावणेसहा अंश मागे राहतो. माणसाची रुंदी अर्धा मीटर धरली, तर तो क्रॉसहेअरखालून पूर्णपणे निघून गेलेला असतो. अंगठा परत आल्यावर ते अंतर भरून काढावे लागते, आणि ही भरपाई कोणत्याही कर्व्हने टळत नाही.

म्हणून गोळीबार चालू असताना लागणारी बटणे तेवढी उजव्या अंगठ्याकडून काढून घ्यावीत. ती साधारणपणे दोनच असतात: उडी आणि खाली बसणे किंवा घसरणे. बंदुकीत गोळ्या भरणे, शस्त्र बदलणे, दार उघडणे ही कामे करताना नेम सुटला तरी बिघडत नाही, त्यामुळे ती आहेत तिथे राहू द्यावीत. सगळीच बटणे एका दिवसात हलवणारा खेळाडू पुढचे दोन आठवडे दाराऐवजी ग्रेनेड टाकत असतो. हेलो या खेळात उडी डाव्या बंपरवर देणारी बंपर जंपर ही मांडणी बरीच जुनी आहे, आणि तिचे कारण हेच: बंपर तर्जनीचा असतो, अंगठा स्टिकवरच राहतो. कॉल ऑफ ड्यूटीमधली टॅक्टिकल मांडणी खाली बसणे उजवी स्टिक दाबण्यावर आणते. ती लोकप्रिय आहे, पण स्टिक दाबताना ती थोडी कलतेच, आणि डेड झोन ७ असेल तर ते कलणे पडद्यावर दिसते. नेम धरलेला असताना वारंवार बसायची सवय असेल तर ते काम बंपरला देणे मला अधिक बरे वाटते.

कंट्रोलरच्या मागे पॅडल असतील तर उडी आणि बसणे ही दोन्ही कामे त्यांना देता येतात, आणि तेव्हा पुढच्या बाजूला काहीच हलवावे लागत नाही. कन्सोलवर हे पॅडल नवे बटण नसून पुढच्या एखाद्या बटणाची नक्कल असतात. त्यामुळे पॅडलला एक आणि त्या बटणाला दुसरे, अशी दोन स्वतंत्र कामे देता येतील अशी अपेक्षा ठेवू नये. पॅडल नसतील आणि खेळात फेरमांडणीची सोय नसेल, तर कन्सोलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करता येते. ती सर्व खेळांना लागू होते आणि पडद्यावरच्या सूचना जुनीच बटणे दाखवत राहतात, म्हणून खेळातली सोय असेल तर तीच वापरावी. दोन्हीकडे तीच अदलाबदल केली तर ती एकमेकींना रद्द करतात. हे करून बराच वेळ डोके खाजवत बसलेला मी एकटाच नसेन.

ट्रिगरचा प्रश्नही अंगठ्याशी जोडलेला आहे. लांब पल्ल्याचा ट्रिगर पूर्ण दाबताना हाताची पकड बदलते आणि अंगठाही किंचित हलतो; पहिली गोळी जाताना क्रॉसहेअर दरवेळी एकाच बाजूला सरकत असेल तर हे कारण असू शकते. ट्रिगरचा डेड झोन कमी केला की गोळी थोड्या दाबावर सुटते. त्यात बोट नुसते टेकल्यावर गोळी जाऊ लागली, तर आकडा एक-दोन पायऱ्या वाढवावा. ज्या कंट्रोलरमध्ये ट्रिगरचा पल्ला आखूड करणारा खटका आहे, तिथे तो वापरावा. ज्यात ट्रिगरला विरोध देणारी मोटर आहे, तिथे नेमबाजीच्या खेळात ती बंद केलेली बरी.

हे सगळे बसवल्यावर मी सहा महिन्यांनी तपासणीचे पान पुन्हा उघडले. हळू सोडल्यावर सर्वात वाईट नोंद आता ५.६ ऐवजी ८.१ आली होती, आणि ७ च्या डेड झोनवर क्रॉसहेअर अधूनमधून डावीकडे रांगू लागला होता, जे मी आठवडाभर स्वतःच्या अंगठ्याचा दोष समजत होतो. पोटेन्शिओमीटर घासून चालतो, त्यामुळे तो झिजतो. चुंबकाने जागा ओळखणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये अशी घासणारी पट्टी नसते, तरी मध्यावर परत आणणारी स्प्रिंग तिथेही असते, म्हणून तिचाही डेड झोन मोजूनच ठरवावा, थेट शून्य ठेवू नये. मी माझा डेड झोन १० केला. त्याने ७.६ अंशांची जागा २२.७ वरून २५.१ वर गेली आणि पहिले दोन दिवस दूरच्या लक्ष्यामागे क्रॉसहेअर थोडा रेंगाळत होता. कर्व्ह आणि सेन्सिटिव्हिटी मात्र तशीच ठेवली.